फाटकावरची वही

शाळेच्या फाटकाशी उभं राहून मुलांचे पाय बघण्यात माझी सहा वर्षं गेली. बूट काळे आहेत ना, मोजे वर ओढलेत ना, हे आधी. मग नजर वर न्यायची: पट्टा, खोचलेला सदरा, टायची गाठ, केस. शिस्तीचं काम माझ्याकडे होतं आणि त्या कामाची एक लांबोडकी वही होती. तारीख, नाव, इयत्ता, गैरवर्तनाचा प्रकार, केलेली कारवाई, असे तिचे रकाने. सहा वर्षांनी हे काम दुसऱ्या बाईंकडे द्यायची वेळ आली, तेव्हा सगळ्या वह्या काढून एकदा चाळायला बसले. काही प्रकरणं त्यांना समजावून सांगावीत, एवढाच हेतू होता.

पानामागून पान ‘बूट तपकिरी’, ‘टाय नाही’, ‘मोजे रंगीत’, ‘केस कानावर’ असंच चाललं होतं. मारामारी, चोरी, कॉपी, धाकट्या मुलाला सतावणं, अशा नोंदी त्यात शोधून काढाव्या लागत होत्या. शिस्त यावी म्हणून गणवेश, असं मी पालकसभेत कितीदा तरी सांगितलं होतं. आणि शिस्तभंगाची वही भरली होती ती गणवेशानंच. नियम नसता तर त्यातल्या बहुतेक मुलांच्या नावापुढे काहीच लिहावं लागलं नसतं.

त्या दुपारपासून गणवेशावरचा वाद माझ्यासाठी बदलला. त्यात दोन बाजू ठरलेल्या असतात. एक म्हणते, गणवेशानं शिस्त येते, समता येते. दुसरी म्हणते, गणवेशानं मुलाचं वेगळेपण मारलं जातं. मी पहिल्या बाजूनं बरीच वर्षं बोलले आहे आणि दुसऱ्या बाजूचं ऐकूनही घेतलं आहे. आता मला वाटतं, दोघांनीही कापडाच्या अंगी नसलेली ताकद त्याला चिकटवली आहे. गणवेश घातलेल्या मुलाचं काय होतं, यावर आपण भांडत बसतो. गणवेश न घालता आलेल्या मुलाचं काय होतं, हे कोणी विचारत नाही. माझ्या मते सगळा प्रश्न तिथे आहे.

आधी शिस्तीच्या दाव्याकडे नीट बघायला हवं. या दाव्याचा जगभर सगळ्यात गाजलेला पुरावा कॅलिफोर्नियातल्या लाँग बीच या शहरातून आला. 1994 साली तिथल्या सार्वजनिक शाळांनी प्राथमिक आणि माध्यमिक इयत्तांना, म्हणजे आठवीपर्यंतच्या मुलांना गणवेश लागू केला. त्या वेळी तिथल्या टोळ्यांची ओळख कपड्यांच्या रंगावरून पटायची. चुकीच्या रंगाचा शर्ट घालून चुकीच्या गल्लीतून जाणं मुलाच्या जिवावर बेतू शकत होतं, त्यामुळे पालकांची भीती खरी होती. वर्षभरानं आकडे आले: शाळांमधले गुन्हे एकूण 36 टक्क्यांनी कमी, मारामाऱ्या 51 टक्क्यांनी कमी, तोडफोड 18 टक्क्यांनी कमी. जानेवारी 1996 मध्ये राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी देशाला उद्देशून केलेल्या वार्षिक भाषणात शालेय गणवेशाचा पुरस्कार केला. त्याच वर्षी अमेरिकेच्या शिक्षण खात्यानं शाळांसाठी गणवेशाची मार्गदर्शिका काढली आणि तिच्यात हे आकडे छापले. तिथून ते जगभरच्या मुख्याध्यापकांच्या भाषणांत गेले. माझ्याही गेले.

हे आकडे खोटे नव्हते. त्यांचं श्रेय एकट्या गणवेशाला देणं चुकीचं होतं. त्याच काळात तिथल्या शाळांत इतरही बदल चालू होते, तासांच्या मधल्या वेळात शिक्षक व्हरांड्यांत जास्त फिरू लागले होते. त्यातच नव्वदच्या दशकाच्या मध्यापासून अमेरिकेत सगळीकडेच गुन्हे घटत होते. गणवेश असलेल्या आणि नसलेल्या सारख्याच शाळा शेजारी ठेवून कोणी बघितलं नव्हतं. ज्यानं शाळेचा व्हरांडा सांभाळला आहे त्याला हे सांगायला नको. मधल्या सुट्टीत जिन्याच्या वळणावर एक शिक्षक नुसता उभा राहिला, तरी त्या वळणावरची ढकलाढकली थांबते. मुलांनी कपडे कोणते घातलेत याचा त्याच्याशी संबंध नसतो.

तुलना नीट झाली तेव्हा चित्र निराळं निघालं. 1998 मध्ये डेव्हिड ब्रुन्स्मा आणि केरी अ‍ॅन रॉकेमोर या समाजशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या दहावीच्या विद्यार्थ्यांची देशपातळीवरची माहिती तपासली. घरची परिस्थिती, शाळेचा प्रकार अशा गोष्टी हिशेबात धरल्यावर व्यसनं, वर्तनाच्या तक्रारी किंवा हजेरी यांत गणवेशामुळे फरक पडल्याचं दिसलं नाही. 2022 मध्ये सहा हजारांहून जास्त मुलांवरचा एक अभ्यास आला. बालवाडीपासून पाचवीपर्यंत त्या मुलांची माहिती गोळा झालेली होती. वर्तनात तिथेही फरक नव्हता. गरीब घरांतल्या मुलांची हजेरी गणवेशाच्या शाळांत किंचित बरी होती, पण ते ‘किंचित’ वर्षाकाठी एका दिवसाहूनही कमी. आणि एक गोष्ट उलट दिशेची निघाली. ‘ही शाळा माझी आहे’ असं वाटण्याचं प्रमाण पाचवीतल्या गणवेशधारी मुलांत थोडं कमी होतं. मी मात्र ‘गणवेशामुळे आपलेपणा येतो’ हे वाक्य ठामपणे म्हणत आले होते.

अमेरिकेतल्याच एका मोठ्या शहरी जिल्ह्यात वरच्या इयत्तांतल्या मुलींची हजेरी गणवेशानंतर थोडी सुधारल्याचंही एका अभ्यासात आढळलं आहे. ते मला पटतं. ‘आज काय घालू’ हा प्रश्न तेरा-चौदा वर्षांच्या मुलीला सकाळी किती छळतो, ते मी मुलीची आई म्हणूनही पाहिलं आहे. गणवेशाचे असे साधे फायदे आहेतच. सहलीत गर्दीत मुलं मोजता येतात. फाटकातून परका माणूस आत आला तर चटकन ध्यानात येतं. पण ही सोय झाली. तिला शिस्त म्हणायला लागलो की आपण सोयीसाठी शिक्षा करायला लागतो.

मग शिक्षकांना इतक्या मनापासून का वाटतं की गणवेशानं फरक पडतो? कारण प्रार्थनेच्या रांगा दिसायला शांत दिसतात. एका रंगाची चारशे मुलं ओळीत उभी असली की पाहणाऱ्याचं मन निवतं. मुलांच्या मनात त्या क्षणी काय चाललं आहे ते मात्र त्या रांगेवरून कळत नाही. रांगेतली ती शांतता खरं तर माझीच होती, आणि मी ती मुलांच्या खात्यावर जमा करत होते.

आता समतेचं. हा दावा मला जास्त जवळचा होता, म्हणून तो सुटताना जास्त दुखलं. गणवेशाचा इतिहास समतेपासून सुरूच होत नाही. लंडनमध्ये 1552 साली गरीब आणि अनाथ मुलांसाठी क्राइस्ट्स हॉस्पिटल ही शाळा निघाली. तिथल्या मुलांना लांब निळा कोट आणि पिवळे मोजे दिले गेले. निळा रंग स्वस्त पडायचा आणि धर्मादायावर वाढणाऱ्या मुलांशीच तो जोडला गेला होता. रस्त्यानं जाणारं मूल कोणाच्या उपकारावर जगतं आहे, हे त्या कोटावरून दुरूनच कळायचं. श्रीमंतांच्या शाळांनी गणवेश उचलला तो फार पुढे, आणि मग त्याच कपड्यांना मान आला. म्हणजे एकसारखे कपडे गरिबी झाकूही शकतात आणि तिच्यावर शिक्काही मारू शकतात. कोण घालायला लावतं आणि कोणाला, यावर ते ठरतं.

वर्गात तर मुलं एकमेकांना कपड्यांतून वाचतातच. गणवेश असला की अक्षरं फक्त बारीक होतात. एकाचा सदरा जूनमध्ये पांढरा आणि मार्चमध्येही पांढरा. दुसऱ्याचा दिवाळीआधीच पिवळट, कारण त्याच्याकडे एकच आहे आणि तो रोज रात्री धुतला जातो. एकीच्या स्कर्टला खाली गडद रंगाची पट्टी दिसते. गेल्या वर्षीची दुमड उसवून लांबी वाढवलेली असते आणि आत दडलेलं कापड विटलेलं नसतं. थोरल्या भावाच्या शर्टाचे खांदे कोपराकडे उतरलेले असतात. बाहेरच्या माणसाला रांगेत हे काही दिसत नाही. दुसरीतल्या मुलाला मात्र सगळं दिसतं. विरजण लागलेल्या दुधासारखी ही जाणीव हळूहळू वर्गभर पसरते, आणि आम्ही शिक्षक सांगत राहतो की इथे सगळे सारखे.

तरीही गणवेशानं मुलाची ओळख पुसली जाते, हे मला सरसकट पटत नाही. माझ्या वर्गातलं कोणतंही मूल गणवेशामुळे दुसऱ्यासारखं झालेलं मी पाहिलं नाही. कोणी बाही दोनदाच दुमडतो, कोणी दप्तराला किल्ल्यांचा झुपका लटकवतो, कोणी पेनच्या टोपणावर नाव कोरतो. आणि मूल जे असतं ते त्याच्या हसण्यात, चिडण्यात, गणित सोडवताना ओठ चावण्यात असतं. निळ्या पँटीनं ते जात नाही.

ओळखीवर घाला पडतो तो कापड सोडून नियम अंगाकडे वळला की. इंग्लंडमध्ये सत्तरच्या दशकाच्या अखेरीस बर्मिंगहॅममधल्या एका खासगी शाळेनं एका शीख मुलाला प्रवेश नाकारला. पगडी काढ आणि केस काप, तरच घेऊ, अशी अट होती. शाळेचं म्हणणं, गणवेश सगळ्यांना सारखा. प्रकरण हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेलं आणि 1983 साली निकाल मुलाच्या बाजूनं लागला. नियम सगळ्यांना एकच असला तरी सगळ्यांना तो सारखाच पाळता येतो असं नाही, हा त्या निकालाचा गाभा. टोपी न घालण्याचा नियम एका मुलासाठी टोपी काढण्याइतकाच असतो, दुसऱ्याला तोच नियम घर सोडून ये म्हणतो.

दुसरं उदाहरण अलीकडचं, अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनातलं. तिथल्या एका शाळेत मुलींना पँट घालायला बंदी होती, स्कर्टच हवा. मुलींबद्दल मुलांच्या मनात आदर राहावा, हे शाळेनं दिलेलं कारण. मुलींनी कोर्टात सांगितलं ते साधं होतं: स्कर्टमुळे सुट्टीत खेळता येत नाही, कोलांट्या मारता येत नाहीत, बसताना सारखं पायांकडे लक्ष ठेवावं लागतं. 2022 साली अपील न्यायालयानं तो नियम भेदभाव करणारा ठरवला. हे वाचलं तेव्हा मला आमचं मैदान आठवलं. मधल्या सुट्टीत मुलं मध्यभागी आणि मुली कडेच्या पायऱ्यांवर. मुलींना बसायलाच आवडतं, असं मी समजून चालले होते.

त्यामुळे ‘गणवेश हवा की नको’ हा प्रश्न मला आता ढोबळ वाटतो. शर्टाचा रंग ठरवणं वेगळं आणि केस, पगडी, मुलीचे पाय ठरवणं वेगळं. एकाच नियमावलीच्या एकाच पानावर दोन्ही छापलेलं असतं म्हणून दोन्ही एक होत नाही.

आता गणवेश न घालता आलेल्या त्या मुलाविषयी. वही चाळताना एका नावावर मी थांबले. सातवीतला मुलगा, एका महिन्यात चार नोंदी: ‘बूट नाहीत, चप्पल.’ कारवाईच्या रकान्यात पहिल्या वेळी ताकीद, दुसऱ्या वेळी डायरीत शेरा, तिसऱ्या वेळी पहिला तास वर्गाबाहेर. चौथ्या वेळी ‘घरी परत पाठवले’. अक्षर माझंच. त्यानंतर त्याची एकही नोंद नव्हती, आणि मला आठवलं की तेव्हा मी त्याचा अर्थ ‘सुधारला’ असा घेतला होता. हजेरीपट काढून तारखा जुळवल्या. त्या दिवसानंतर सलग नऊ दिवस तो शाळेत नव्हता. मग काही दिवस आला, मग पुन्हा नाही. माझ्या वहीत शिस्त आली होती, कारण मूल येत नव्हतं.

हे उगाच भावनेच्या भरात लिहीत नाही. याचं मोजमाप झालेलं आहे. पश्चिम केनियात एका संस्थेनं प्राथमिक शाळेतल्या मुलांना चिठ्ठ्या टाकून फुकट गणवेश वाटले. चिठ्ठ्यांमुळे मिळालेली आणि न मिळालेली मुलं बाकी सगळ्या बाबतींत सारखी होती, लाँग बीचला नेमकी हीच तुलना राहून गेली होती. गणवेश मिळालेल्या मुलांची गैरहजेरी एक तृतीयांशाहून जास्त घटली. ज्यांच्याकडे आधी गणवेश नव्हताच त्यांची तर निम्म्याहून जास्त. गणवेशाची एवढी ठळक करामत मी दुसरीकडे कुठे वाचलेली नाही. पण तिचा अर्थ सरळ आहे. कापडानं मुलांना शहाणं केलं नाही. कापड नसल्यानं जे दार बंद होतं ते उघडलं. आठ वर्षांनी त्याच मुलांकडे पुन्हा पाहिलं तेव्हा ती किती शिकली यात फरक उरलेला नव्हता, हेही नोंदवायला हवं. एक दार उघडल्यानं पुढची सगळी उघडत नाहीत.

तो मुलगा पुढच्या सत्रात परत आला. त्यासाठी वर्गशिक्षिका दोनदा त्याच्या घरी गेल्या. बूट फाटले होते आणि नवे पुढच्या पगारानंतर येणार होते, एवढंच होतं सगळं. मी चारही वेळा त्याला ‘बूट कुठे आहेत’ असं विचारलं होतं. ‘बूट आहेत का’ असं एकदाही विचारलं नव्हतं.

काम सोपवण्याआधी मी आणि नव्या बाईंनी मिळून काही गोष्टी बदलल्या. मुख्याध्यापकांना पटवायला एक सत्र लागलं. फाटकावरची तपासणी बंद केली, कारण तिथे प्रत्येक चूक दोनशे मुलांसमोर होते. आता वर्गशिक्षक हजेरी घेताना बघतात आणि बोलायचं असेल तर मुलाला एकट्याला बाजूला घेऊन बोलतात. शाळा सोडून गेलेल्या मुलांचे चांगले कपडे आणि बूट धुऊन, मापाप्रमाणे लावून एका कपाटात ठेवले. कपाट कार्यालयात नाही, आजारी मुलांच्या खोलीत आहे, कारण तिथे कोणी कशाला गेलं हे कोणी विचारत नाही. बुटांचा रंग काळा एवढंच ठेवलं, बाकी प्रकार कोणताही. मुलींना पँट किंवा स्कर्ट, जे हवं ते. केसांचा नियम काढला. प्रयोगशाळेत आणि मैदानावर बांधलेले हवेत, इतकंच राहिलं. आणि सगळ्यात जास्त भांडून घेतलेली गोष्ट ही, की गणवेशाच्या कारणावरून कोणत्याही मुलाचा एक तासही बुडणार नाही.

काही सहकाऱ्यांनी बजावलं होतं, असं केलंत तर महिन्याभरात निम्मी मुलं रंगीत कपड्यांत येतील. तसं झालं नाही. थोडी आली, आठवडाभर मिरवली, परत निळ्यात आली. मुलांना मुळात इतर मुलांसारखं दिसायला आवडतं. त्यासाठी फाटकावर माझी गरज कधी नव्हतीच.

एक अडचण मात्र उरली आहे आणि तिचं उत्तर माझ्याकडे नाही. कपाटातले बूट न्यायला लहान मुलं तयार होतात, मोठी मुलं होत नाहीत. आठवी-नववीतली मुलगी फाटक्या बुटांत पाय आक्रसून बसेल, पण त्या खोलीत जाणार नाही. निळ्या कोटातल्या त्या मुलांसारखंच तिलाही वाटत असणार, की दिलेलं अंगावर दिसतं. नव्या बाई आता वर्ष सुरू होतानाच सगळ्या मुलांची मापं घेतात, ज्यांना लागणार नाही त्यांचीही, आणि वाटप पाठ्यपुस्तकांच्या गठ्ठ्याबरोबर पिशवीत करतात. कोणाच्या पिशवीत काय आहे हे घरी जाऊनच कळतं.

परवा त्यांनी मला नवी वही दाखवली. जुन्याच रकान्यांची आहे, फक्त ‘गैरवर्तनाचा प्रकार’ याच्या शेजारी त्यांनी एक रकाना आखून घेतला आहे: ‘मुलाशी कोण बोललं, काय कळलं.’ त्या रकान्याला जागा पुरत नाही, म्हणून त्या समोरच्या पानावर लिहितात.